शंभर टक्के आणि सहा टक्के

दिव्यांगत्वाच्या सरकारी प्रमाणपत्रात एक ओळ ठरलेली असते. अमुक व्यक्तीला शरीराच्या अमुक भागासंदर्भात इतके टक्के कायमचं दिव्यांगत्व आहे, असं त्या ओळीत लिहायचं असतं. आकडा आधी अंकात आणि मग अक्षरी, धनादेशावर रक्कम लिहितात तसा. ही ओळ एकदा भरली, की प्रवासाच्या सवलतीपासून नोकरीतल्या राखीव जागेपर्यंतचे बहुतेक हिशेब तिच्यावरून सुरू होतात.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांच्या बाबतीत हा आकडा १०० होता. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंध शाळेत त्या शिकल्या, पुढे मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि नंतर दिल्लीत जेएनयूमध्ये. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने अभ्यास करून त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाची २०१५ची परीक्षा दिली आणि देशात ७७३वा क्रमांक मिळवला. त्यांच्या वाट्याला भारतीय रेल्वे लेखा सेवा आली. मात्र पूर्ण दृष्टिहीनतेचं कारण देऊन रेल्वेने त्यांना घ्यायला नकार दिला.

लेखा सेवेतल्या अधिकाऱ्याला रेल्वे चालवायची नसते आणि सिग्नलही बघायचा नसतो. खर्चाचे प्रस्ताव वाचायचे, आकडे पडताळायचे, नियम लावायचे आणि निर्णय लिहायचा, असं ते टेबलावरचं काम. पाटील यांनी पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली आणि १२४वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासन सेवेत गेल्या. ऑक्टोबर २०१९मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी पदाची सूत्रं घेतली. दोन परीक्षांच्या दरम्यान त्यांच्या डोळ्यांत काहीही बदललेलं नव्हतं.

याच परीक्षेच्या दारात आणखी एक माणूस अडला होता, तो मात्र अगदी उलट कारणाने. विकास कुमार यांना ‘रायटर्स क्रॅम्प’चा त्रास होता. या विकारात लिहायला घेतलं की हाताचे स्नायू आखडतात आणि अक्षर पुढे सरकत नाही. २०१८च्या परीक्षेसाठी त्यांनी लेखनिक मागितला. आयोगाच्या नियमानुसार अंध उमेदवार सोडले, तर हातांच्या हालचालीतलं दिव्यांगत्व किमान ४० टक्के असणाऱ्यांनाच लेखनिक मिळत होता. वैद्यकीय तपासणीत विकास कुमार यांचा आकडा निघाला अवघा ६. तीन तास लिहिणं त्यांना अशक्य होतं, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो आकडा पुरेसा नसण्याचा.

एकीकडे शंभर टक्के म्हणून काम नाकारलं गेलं, दुसरीकडे सहाच टक्के म्हणून मदत. दोन्हीकडे आकडा नियमाप्रमाणे मोजला होता. तरीही माणूस आणि काम यांच्यामध्ये नेमकं काय आडवं आलं आहे, हे त्यातून कळत नव्हतं. समाजशास्त्रात गेली चार-पाच दशकं अपंगत्वाच्या वैद्यकीय आणि सामाजिक प्रतिमानांचा जो वाद चालू आहे, त्याचं मूळ इथे आहे.

आकडा येतो कसा, हे आधी पाहायला हवं. ऐकण्याची चाचणी घेताना बंद खोलीत ५००, १,०००, २,००० आणि ४,००० हर्ट्झच्या आवाजांना कान कधी प्रतिसाद देतो ते टिपतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिच्यावरून टक्के ठरतात. हातापायांसाठी सांध्यांची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजतात. एकाच माणसात दोन उणिवा असतील, तर साधी बेरीज करत नाहीत. ३० टक्के आणि २० टक्के एकत्र आले, की ठरलेल्या सूत्राने उत्तर ५० नव्हे, तर सुमारे ४३ येतं. ही मोजणी काळजीपूर्वक बांधलेली आहे आणि निवृत्तिवेतन किंवा भरपाई वाटताना काहीतरी माप लागतंच.

पण ते माप आहे कानाचं. तेवढंच कमी ऐकू येणारी दोन माणसं घ्या. एक जण शांत खोलीत जमाखर्च तपासतो, दुसऱ्याला चौकशीच्या खिडकीवर बसवलं आहे. प्रमाणपत्रावर दोघांची टक्केवारी सारखी असेल. दिवसभरात येणाऱ्या अडचणी मात्र सारख्या नसतील. उद्या खिडकीवर लेखी टोकनची आणि पडद्यावर मजकूर टाकून बोलण्याची सोय झाली, तर दुसऱ्याची अडचण बरीचशी मिटेल आणि त्याच्या कागदावरचा आकडा जागचा हलणार नाही.

वैद्यकीय प्रतिमान अडचणीचं घर शरीरात शोधतं. निदान करा, शक्य असेल तर उपचार करा, उपचार नसेल तर उरलेल्या क्षमतेला झेपेल अशी जागा शोधा, अशी त्याची रीत. सामाजिक प्रतिमान त्याच माणसाकडे पाहताना नजर शरीरावरून उचलून आजूबाजूच्या इमारतीकडे, कागदांकडे आणि नियमांकडे वळवतं. ही कल्पना विद्यापीठाच्या वर्गात सुचलेली नाही, तर एका निवासी संस्थेतल्या माणसाच्या चिडीतून आलेली आहे.

पॉल हंट हे स्नायूंच्या विकारामुळे इंग्लंडमधल्या ‘ले कोर्ट’ नावाच्या अपंगांच्या निवासगृहात राहिलेले. तिथे कधी झोपायचं, कोण भेटायला येणार, कारभारात रहिवाशांनी बोलायचं की नाही, अशा गोष्टींवरून झगडे झाले. २० सप्टेंबर १९७२ रोजी ‘द गार्डियन’मध्ये हंट यांचं पत्र छापून आलं आणि अशा संस्थांत कोंडल्या गेलेल्या लोकांनी एकत्र यावं, असं आवाहन त्यांनी केलं. त्यातून अपंग व्यक्तींची स्वतःची संघटना उभी राहिली. तिच्यात व्हिक फिंकेलस्टाइन होते. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगवास भोगलेले आणि चाकाची खुर्ची वापरणारे. माणसाला वेगळं ठेवण्याची व्यवस्था कशी चालते, हे त्यांनी दोन वेगवेगळ्या अंगांनी अनुभवलं होतं.

या संघटनेने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या पत्रकात दोन शब्द काळजीपूर्वक वेगळे केले. मराठीत त्यांना ‘क्षती’ आणि ‘अपंगत्व’ म्हणता येईल. पाय हलत नाही, डोळ्यांना दिसत नाही, ही क्षती. ती शरीरात असते. अशा शरीराचा विचारच न करता समाज रचला गेल्यामुळे माणूस कामातून आणि व्यवहारातून बाहेर फेकला जातो, ते अपंगत्व. ते वरून लादलेलं असतं. १९८३ साली माइक ऑलिव्हर या समाजशास्त्रज्ञाने या मांडणीला ‘सामाजिक प्रतिमान’ असं नाव दिलं. ऑलिव्हर स्वतः तरुणपणी मणक्याला दुखापत झाल्यापासून चाकाची खुर्ची वापरत होते.

फिंकेलस्टाइन यांनी हाच मुद्दा एका गावाच्या गोष्टीतून समजावला. त्या गावात सगळे चाकाच्या खुर्चीवर बसणारे. घरं, दुकानं, दूरचित्रवाणी केंद्र सगळं त्यांनीच उभारलेलं. उभं राहायची कुणाला गरजच नाही, म्हणून छतं आणि दारं खाली घेतलेली. मग तिथे काही चालणारी माणसं राहायला येतात आणि त्यांची डोकी चौकटींवर आपटू लागतात. डॉक्टर त्यांच्या टेंगळांचा अभ्यास करतात, त्यांना शिरस्त्राणं देतात, त्यांच्यासाठी देणग्या गोळा होतात. एक जण दूरचित्रवाणीवर मुलाखतकार व्हायला जातो, पण डॉक्टरांच्या तपासणीनंतर त्याची नोकरी हुकते. 

ऑलिव्हर यांनी गोष्टीऐवजी सरकारी प्रश्नावली हाती घेतली. ब्रिटनच्या सर्वेक्षणात विचारलं जायचं, की तुमच्या प्रकृतीच्या तक्रारीचा तुमच्या कामावर काही परिणाम होतो का. ऑलिव्हर यांनी १९९० साली तो प्रश्न उलटा करून दाखवला: कामाच्या जागेच्या रचनेमुळे किंवा इतरांच्या वागण्यामुळे तुम्हाला अडचण येते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन अधिकारी कर्मचाऱ्याला डॉक्टरकडे पाठवील. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर त्याला मोजपट्टी घेऊन स्वतःच्या कचेरीत फिरावं लागेल.

तशी एक फेरी महाराष्ट्रातल्या एखाद्या काल्पनिक लेखा शाखेतून मारून पाहू. तिथे एक दृष्टिहीन लिपिक रुजू झाल्या आहेत. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि त्याला मराठीही वाचता येतं. ते संगणकावर बसवलं, हेडफोन दिला, म्हणजे सोय झाली असं साहेबांना वाटतं. पहिल्या दिवशी एक फाइल उघडते. सहकाऱ्यांना पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतंय, पण लिपिकबाईंच्या कानात निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं ओतली जाताहेत.

दोष बाईंच्या डोळ्यांत नाही आणि सॉफ्टवेअरमध्येही नाही. फाइल युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली आहे. शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात साठतात ती रोमन अक्षरं. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला मुखवटा दिसतो, सॉफ्टवेअर वाचतं ते आतलं. ओळखायची खूण सोपी आहे. मजकूर उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायचा. तिथे मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसला, तर फाइल जुन्या फॉन्टमधली. उपायही घरचाच आहे. जुन्या फाइली परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायच्या आणि नव्या फाइली पहिल्यापासून युनिकोडमध्ये टंकायच्या.

दुसरा अडथळा स्कॅनचा. संगणकावर तयार झालेलं पत्रक छापतात, सही-शिक्का मारतात, स्कॅन करतात आणि ईमेलने पाठवतात. दिसायला तो कागद असतो, संगणकाच्या लेखी मात्र एक छायाचित्र. माउसने ओळ निवडायला जावं, तर निवडलीच जात नाही; हीच त्याची खूण. चित्रातून अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण पुसट शिक्क्याखालच्या मराठी तक्त्यात ती चुकतात आणि हिशेबात एक आकडा चुकला तरी सगळी बेरीज जाते. म्हणून स्कॅनसोबत मूळ एक्सेल किंवा वर्ड फाइल जोडायचा नियम करणं जास्त उपयोगाचं. त्याला पैसा लागत नाही, सवय मोडावी लागते. गंमत म्हणजे या दोन बदलांनंतर शाखेतल्या डोळसांनाही जुन्या फाइलींत शब्द शोधता येऊ लागतो.

आता दाराकडे. इमारतीला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १५ सेंटीमीटरची, म्हणजे एकूण चढ ४५ सेंटीमीटर. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत उताराचं प्रमाण एकास बारा आहे. एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. या हिशेबाने रॅम्प किमान ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब हवा, शिवाय वर आणि खाली खुर्ची थांबायला सपाट जागा हवी. प्रत्यक्षात पुढे जागा नाही म्हणून दोन-अडीच मीटरमध्ये रॅम्प उरकलेला अनेक ठिकाणी दिसतो. त्यावर मोटारसायकल झोकात चढते. चाकाची खुर्ची हाताने ढकलणाऱ्याला मात्र तो चढ एकट्याने झेपत नाही आणि उतरताना खुर्ची पुढे झुकून माणूस पडायची भीती असते. तपासणीच्या अहवालात ‘रॅम्प आहे’ अशी खूण होते. लांबीला उंचीने भागून पाहिलं, उत्तर बाराच्या खाली आलं, तर ती खूण खोटी समजावी.

या दोन कामांत एक फरक आहे आणि कायदाही तो मानतो. रॅम्प किंवा युनिकोडचा नियम कुणा एकासाठी नसतो. अशी व्यक्ती रुजू होण्याआधीच तो तयार असायला हवा. याला सुगम्यता म्हणतात. त्यानंतरही एखाद्याची गरज उरते: कुणाला लेखनिक, कुणाला वेगळी वेळ, कुणाला खाली घेतलेलं टेबल. त्या माणसाशी बोलून केलेला असा बदल म्हणजे ‘वाजवी सोय’. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सरकारी आस्थापनांना ती करायला सांगतो आणि अशी सोय नाकारणं हा भेदभाव मानतो. मालकावर अवाजवी भार पडणार असेल, तेवढी सूट मात्र आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण लिहून जाहीर करायचं असतं.

इथपर्यंत आलं, की सामाजिक प्रतिमानाची सरशी झाली असं वाटेल. पण त्याला सर्वांत बोचरे प्रश्न अपंग अभ्यासकांनीच विचारले. लिझ क्रो यांनी १९९०च्या दशकात लिहिलं, की अडथळ्यांवर बोट ठेवण्याच्या भरात शरीरातल्या वेदनेबद्दल आणि थकव्याबद्दल बोलणंच चळवळीत अवघड होऊन बसलं. टॉम शेक्सपिअर या समाजशास्त्रज्ञाने पुढे दाखवून दिलं, की सगळे अडथळे काढलेलं जग उभं करता आलं, तरी काही त्रास उरणारच.

विदर्भात हे सिकलसेलच्या उदाहरणावरून चटकन पटेल. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंगभर तीव्र वेदनांचे झटके येतात. झटका आलेल्या कर्मचाऱ्याला ना रॅम्प उपयोगी, ना युनिकोड. त्याला आधी औषध, पाणी आणि दवाखाना हवा. म्हणजे इथे वैद्यकीय प्रश्न खराच आहे. पण झटका ओसरल्यावर दुसरा प्रश्न उरतो. वर्षातून चार-पाच वेळा अचानक तीन-चार दिवस गैरहजर राहणाऱ्या माणसाला कचेरी कामचुकार ठरवते, की त्याची कामं आधीच कुणाशी तरी वाटून ठेवते? गारव्याने त्रास वाढतो, म्हणून एसीच्या झोतापासून त्याची जागा हलवते का? वेदना शरीराची आहे, नोकरी जाणं मात्र हजेरीपुस्तकाच्या रचनेतून येतं. २०१६च्या कायद्याने सिकलसेलला एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत घेतलं. नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या गटांत मात्र रक्ताच्या आजारांना जागा दिली नाही.

असे दोन सूर या कायद्यात जागोजागी ऐकू येतात. दिव्यांग व्यक्तीची व्याख्या त्याने सामाजिक प्रतिमानाला धरून केली आहे: दीर्घकालीन क्षती आणि समोरचे अडथळे एकत्र येऊन ज्याचा समाजातला सहभाग खुंटतो, अशी व्यक्ती. पण आरक्षणासाठी तोच कायदा पुन्हा ४० टक्क्यांच्या रेषेकडे वळतो. कोणती पदं कुणाला योग्य, याची केंद्राने २०२१च्या जानेवारीत जाहीर केलेली यादी ३,५६६ पदांची आहे. तिच्यात पदासमोर बसणं, उभं राहणं, चालणं, पाहणं, ऐकणं अशा शारीरिक क्रियांची अक्षरं मांडलेली असतात. त्या पदावरून नेमकं काय साधायचं आहे आणि ते दुसऱ्या वाटेने साधता येईल का, हे त्या अक्षरांतून समजत नाही.

रेषेचा हा गोंधळ लातूरच्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या खटल्यात उघडा पडला. वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाचा त्याचा आकडा होता सुमारे ४५. राखीव जागेवर हक्क सांगायला निदान ४० टक्के हवेत आणि वैद्यकीय शिक्षणाच्या नियमानुसार त्याच्या प्रकारात ४० किंवा अधिक असतील तर तेव्हा एमबीबीएसला अपात्र ठरवलं जायचं. एकाच आकड्याने दार उघडलं आणि लावूनही घेतलं. १५ ऑक्टोबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. तो अभ्यासक्रम त्याला पूर्ण करता येईल का, हे मंडळाने तपासून कारणांसह लिहिलं पाहिजे. पुढच्याच महिन्यात राजीव रतुडी खटल्यात न्यायालयाने सुगम्यतेचा एक नियम रद्द केला. त्या नियमाने ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलं होतं, त्यांची भाषा शिफारशीची होती. बंधनकारक मानकं वेगळी काढून लागू करा, असं सरकारला सांगण्यात आलं.

विकास कुमार यांचा निकाल याआधीच, ११ फेब्रुवारी २०२१ रोजी लागला होता. वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, ती अट आरक्षणापुरती आहे, असं न्यायालयाने ठरवलं आणि सरकारला नवी मार्गदर्शक तत्त्वं करायला लावली. ती ऑगस्ट २०२२मध्ये आली. ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या उमेदवाराने आणायच्या प्रमाणपत्राचा नमुना त्यांना जोडलेला आहे. उमेदवाराची अवस्था काय, तिच्यामुळे त्याच्या लिहिण्यात अडथळा येतो का आणि त्याला लेखनिक लागतो का, एवढं त्यात लिहायचं असतं. खाली सह्या अजूनही डॉक्टरांच्याच असतात आणि प्रमाणपत्राची मुदत संपली की ते पुन्हा आणावं लागतं.